सरांना मेल करावा, पण मागावं काय?

वाचकाचं पत्र

मी 2021 साली ॲनालिटिकल केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं. त्यातला बराच काळ ऑनलाइनच गेला. गेली तीन वर्षं औषधांचे मूळ घटक बनवणाऱ्या एका बल्क ड्रग कंपनीत क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला आहे, एचपीएलसी यंत्रावर, शिफ्टमध्ये. मला रेग्युलेटरी अफेअर्समध्ये, म्हणजे औषधांच्या नोंदणीच्या कामात जायचंय. कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाला दोनदा मेल केला, उत्तर नाही. आता एचओडी सरांना लिहावंसं वाटतंय, पण त्यांना मी आठवणारसुद्धा नाही. पास झाल्यावर एकदाही फोन केला नाही आणि आता कामापुरतं तोंड दाखवायचं, याची लाज वाटते. बाबा म्हणतात, सरांच्या ओळखीनं चिकटून जा. मला वशिला नकोय. मेल लिहून ठेवलाय: 'रिस्पेक्टेड सर, मी आपली माजी विद्यार्थिनी. चांगल्या संधीच्या शोधात आहे. कृपया मार्गदर्शन करावे. बायोडेटा जोडला आहे.' पाठवू का?

उत्तर

हा मेल पाठवू नका. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण त्याला उत्तर देता येत नाही, ही अडचण आहे.

मी बरीच वर्षं एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवली आणि मधली काही वर्षं प्लेसमेंटचं कामही माझ्याकडे होतं. अशा मजकुराचे मेल सतत यायचे. 'मार्गदर्शन करावे' वाचलं की प्रश्न पडायचा, कशाबद्दल? ते कळायला मुलीला फोन करावा लागणार, अर्धा तास बोलावं लागणार, म्हणून 'सवडीनं बघू' असं म्हणत मेल बाजूला राहायचा. मग प्रॅक्टिकल परीक्षा, कॅपला पेपर तपासणी, जून-जुलैत ॲडमिशन. ती सवड काही यायची नाही.

बायोडेटा जोडल्यानं आणखी एक गोष्ट होते. मेल उघडणारा धरून चालतो की हिला नोकरी हवी आहे. सर भले असतील तर ते तो बायोडेटा ओळखीच्या एखाद्या एचआरकडे पाठवतील. एचआर पहिली ओळ वाचणार, 'क्यूसी, एचपीएलसी, तीन वर्षं', आणि तुम्हाला फोन येणार तो दुसऱ्या कंपनीतल्या क्यूसीसाठी. सरांनी मदत केली, तुम्ही आभार मानले आणि शिफ्ट तशीच राहिली. असं होताना मी पुष्कळदा पाहिलंय.

माजी विद्यार्थी संघाचं म्हणाल, तर आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांत तिथं बसलेलं असं कोणी नसतं. संघ कागदोपत्री नोंदणी झालेला असतो आणि समन्वयक म्हणून एखाद्या प्राध्यापकाकडे जास्तीचं काम दिलेलं असतं. वेबसाइटवरचा मेल पत्ता कित्येकदा ऑफिसचा असतो, आणि ऑफिसात तो उघडणाऱ्याला तुमच्या विषयाशी काही देणंघेणं नसतं. त्यामुळे ते मौन म्हणजे नकार असं धरू नका. कॉलेजच्या समित्यांच्या यादीत समन्वयकांचं नाव शोधा आणि त्यांना नावानं लिहा. पण पहिलं दार तुमच्या विभागाचंच ठेवा. 'एम.एस्सी. करून रेग्युलेटरीत गेलेलं कोण आहे' हे संघाच्या रजिस्टरपेक्षा विभागातल्या माणसांच्या डोक्यात जास्त असतं. लॅब असिस्टंटांनाही विचारा. त्यांना बॅचच्या बॅच पाठ असतात.

आता आठवण्याबद्दल. ऑनलाइन वर्षातले चेहरे लक्षात राहिले नाहीत, हे खरं आहे. आमचं तसंच झालं. पण एम.एस्सी.चा प्रोजेक्ट सरांनी किंवा त्यांच्या सहकाऱ्यांनी वाचलेला असतो, आणि शिक्षकाला नावाआधी काम आठवतं. 'ओळखलंत का सर' असं विचारून त्यांना परीक्षेला बसवू नका. बॅच सांगा, प्रोजेक्ट कशावर होता ते सांगा, आणि त्या वर्षातली एखादी खरी गोष्ट एका वाक्यात लिहा. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर आधीचं आडनाव आवर्जून द्या. मी कितीतरी मुलींचे मेल अनोळखी समजून मागे टाकले असतील, कारण माझ्या डोक्यात त्या जुन्या आडनावानं होत्या.

संपर्क ठेवला नाही म्हणून माफी मागायची असेल तर अर्ध्या ओळीत मागा आणि पुढे चला. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं 1970 च्या सुमारास बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं, की ज्या ओळखीच्या माणसाकडून नोकरीचं कळलं तो तुम्हाला कितीदा भेटायचा? वारंवार भेटणारा, असं म्हणणारे साधारण 17 टक्केच निघाले. बाकीच्यांची भेट अधूनमधून किंवा क्वचितच होत असे. कारण उघड आहे. रोज भेटणारी माणसं तुमच्याच कॅन्टीनमध्ये जेवतात, त्यांना कळतं तेवढं तुम्हालाही कळतं. चार वर्षं न बोललेल्या सरांकडे मधल्या चार बॅचेसची खबर आहे, आणि ती तुमच्याकडे नाही.

शिवाय तुमच्याकडेही त्यांना देण्यासारखं काही आहे. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी कॉलेजला पास झालेल्या मुलांपैकी कोण नोकरीला लागलं, कोण पुढे शिकायला गेलं, याची आकडेवारी पुराव्यासकट द्यावी लागते. त्यासाठी समन्वयक मुलांच्या अपॉइंटमेंट लेटरच्या मागे हिंडत असतात आणि निम्मी मुलं फोन उचलत नाहीत. तुम्ही मेलमध्ये 'माझ्या नोकरीचा तपशील विभागाला हवा असल्यास पाठवते' एवढं लिहिलंत तर सरांना बरं वाटेल. मी हे विनोदानं म्हणत नाही.

वशिल्याबद्दल तुमच्या मनात जे आहे आणि बाबांच्या मनात जे आहे, ते दोन्ही एकाच समजुतीतून आलंय, की सर नोकरी देऊ शकतात. ते देऊ शकत नाहीत. रेग्युलेटरीत काम करणारा त्यांचा जुना विद्यार्थी तुमच्याशी वीस मिनिटं बोलेल का, एवढं ते विचारू शकतात. त्यानं कोणाची जागा जात नाही.

मात्र त्या वीस मिनिटांत विचारायचं काय, हे आधी ठरवा. माझ्या मते खरी अडचण इथे आहे. 'रेग्युलेटरीत जायचंय' हे अजून फार ढोबळ आहे. औषधाची नोंदणी करताना जी माहिती द्यायची असते, तिचा सीटीडी नावाचा ठरलेला साचा असतो आणि त्यात पाच मॉड्यूल असतात. त्यातलं तिसरं मॉड्यूल गुणवत्तेचं. बल्क ड्रगसाठी त्यात 3.2.S हा भाग असतो. 3.2.S.4 मध्ये स्पेसिफिकेशन, चाचणीच्या पद्धती, त्यांचं व्हॅलिडेशन आणि बॅचचे निकाल येतात, तर 3.2.S.7 मध्ये स्टॅबिलिटी. म्हणजे तुम्ही तीन वर्षं जो कागद लॅबमध्ये तयार करताय, तो पुढे याच दोन भागांत जाऊन बसतो. फॉर्म्युलेशनच्या डोसिअरवर काम करायला बऱ्याच ठिकाणी एम.फार्म. पसंत करतात. बल्क ड्रगची माहिती ज्या फाइलमधून सरकारी यंत्रणेकडे जाते, त्या डीएमएफच्या कामात केमिस्ट्रीवाल्यांना जास्त वाव असतो. तेव्हा तुमचा प्रश्न 'रेग्युलेटरीत कसं जाऊ' असा न ठेवता 'क्यूसीतल्या एम.एस्सी.ला डीएमएफच्या टीममध्ये घेतात का, आणि घेताना काय बघतात' असा करा. याला उत्तर देता येतं, आणि ते कोण देऊ शकेल हेही सरांना चटकन सुचतं.

आणखी एक विचारते. तुमच्या स्वतःच्या कंपनीत रेग्युलेटरी विभाग आहे ना? परदेशी माल जात असेल तर असणारच, मग तो प्लांटवर असो की हेड ऑफिसला. अमेरिकेच्या एफडीएकडून किंवा ग्राहकाकडून डीएमएफवर शंका आली की तिचं उत्तर द्यायला क्यूसीकडून क्रोमॅटोग्राम, व्हॅलिडेशनचा डेटा, स्टॅबिलिटीचे तक्ते मागवले जातात. ते काढून द्यायचं काम आपणहून अंगावर घ्या. बदली मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तरी 'शंकांच्या उत्तरांसाठी डेटा तयार केला' ही ओळ तुमच्या नावावर लागते, आणि नंतर बाहेरच्या मुलाखतीत पदविकेच्या सर्टिफिकेटपेक्षा ती जास्त वजनदार ठरते, असा माझ्या विद्यार्थ्यांचा अनुभव आहे. रेग्युलेटरीची पदविका करावी का, हा प्रश्न त्या सिनिअरसाठी राखून ठेवा. फी भरण्याआधी विचारा, नंतर नको.

मेल लिहिण्याआधी तासभर शोधाशोध करा. लिंक्डइनवर कॉलेजच्या पानावर `Alumni` असा भाग असतो, तिथे `Regulatory Affairs` टाकून बघा. लोक कॉलेजचं नाव नाना प्रकारे लिहितात, कोणी फक्त विद्यापीठाचं लिहितात, म्हणून दोन्हीकडे शोधा. दोन-तीन नावं सापडतील. त्यातलं सगळ्यात मोठ्या हुद्द्याचं निवडायचा मोह होईल, तो टाळा. जनरल मॅनेजर होऊन वीस वर्षं झालेल्या माणसाला नव्या माणसाला आज काय विचारतात ते ठाऊक नसतं. तो त्याच्या काळाचं सांगेल. तुमच्याहून चार-पाच वर्षं पुढे असलेली, क्यूसीतूनच तिकडे गेलेली व्यक्ती शोधा.

आता मेल. त्याचे दोन भाग करा. वरचा सरांसाठी, मराठीत. खालचा सरांनी जसाच्या तसा पुढे पाठवावा असा. तो इंग्रजीत लिहा, कारण सिनिअर हैदराबादला किंवा अहमदाबादला असेल तर तो मजकूर तिथल्या कोणालाही दाखवता येतो. इथे मी दोन्ही मराठीतच देते.

*विषय: एम.एस्सी. 2021 – रेग्युलेटरीतल्या माजी विद्यार्थिनीशी ओळखीबाबत*

*सर, नमस्कार. मी 2019-21 च्या ॲनालिटिकलच्या बॅचची (तेव्हाचं आडनाव अमुक). प्रोजेक्ट तमुक औषधातल्या अशुद्धींवर होता. लॅब बंद होती म्हणून शेवटची रीडिंग्ज उशिरा घेतली, तेव्हा आपण सुट्टीच्या दिवशी लॅब उघडून दिली होती. त्यानंतर संपर्क ठेवला नाही, क्षमस्व.*

*मी तीन वर्षं एका बल्क ड्रग कंपनीत क्यूसीला आहे आणि डीएमएफच्या कामात जावं असं वाटतंय. एम.एस्सी.वर ते जमतं की एम.फार्म. लागतंच, हे त्या कामातल्या कोणाकडून तरी समजून घ्यायचंय. आपल्या 2016 च्या बॅचच्या अमुक मॅडम या कामात आहेत असं दिसलं. आपला त्यांच्याशी संपर्क असेल तर खालचा मजकूर त्यांना पाठवाल का? त्यांची हरकत नसेल तर त्या मला थेट लिहितील. नोकरीसाठी शिफारस मागत नाही, फोनवर वीस मिनिटं बोलायचंय. त्यांच्याऐवजी दुसरं कोणी आपल्याला योग्य वाटलं तरी चालेल.*

*सध्याच्या कंपनीत हे कोणाला सांगितलेलं नाही, तेव्हा ग्रुपवर टाकू नये ही विनंती. विभागाला माझ्या नोकरीचा तपशील हवा असल्यास पाठवते.*

*आपली विद्यार्थिनी, नाव, बॅच, फोन*

याखाली रेघ मारून पुढचा मजकूर:

*नमस्कार मॅडम, मी आपल्याच विभागाची, 2021 ची. बल्क ड्रग क्यूसीत तीन वर्षं: एचपीएलसी, मेथड व्हॅलिडेशनचे प्रोटोकॉल आणि रिपोर्ट, स्टॅबिलिटीची सॅम्पल्स. मला डीएमएफच्या कामात यायचंय. आपण क्यूसीतून तिकडे गेलात तेव्हा सुरुवातीला कोणतं काम मिळालं आणि आज नव्या माणसात काय बघतात, एवढं विचारायचं आहे. या महिन्यात मला सकाळची पाळी आहे, त्यामुळे संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी कधीही चालेल. वेळ नसेल तर दोन ओळींचं उत्तरही पुरे.*

खालच्या भागात जे काम खरोखर केलंय तेवढंच ठेवा. व्हॅलिडेशनच्या वेळी फक्त इंजेक्शन मारली असतील तर 'रिपोर्ट' लिहू नका. या क्षेत्रातली माणसं दुसऱ्याच प्रश्नात ते ओळखतात. बायोडेटा जोडू नका, तो मागितल्यावर पाठवायचा. मेल स्वतःच्या जीमेलवरून करा, कंपनीच्या पत्त्यावरून नको. आणि कामाचा नमुना म्हणून कंपनीचा एकही कागद, अगदी क्रोमॅटोग्रामचा फोटोसुद्धा कोणाला पाठवू नका.

ग्रुपवर टाकू नका ही विनंती अनेक मुलांना उद्धट वाटते म्हणून ती लिहीत नाहीत. लिहा. सर उत्साहाच्या भरात माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमचं नाव-गाव टाकतात, त्यात तुमच्या एमआयडीसीतलेच चार जण असतात आणि दुसऱ्या दिवशी शिफ्ट इनचार्ज विचारतो, 'काय मॅडम, चाललात?' आपल्याकडची क्यूसीची दुनिया तेवढीच लहान आहे. याच कारणानं सिनिअरचा नंबर सरांकडे मागायचा नाही. नंबर मागितला की तो द्यावा की नाही हा पेच सरांवर येतो, आणि दिला तर न विचारता आलेला फोन त्या मॅडमना खटकतो. मजकूर पुढे गेला की होकार-नकार त्यांच्या हातात राहतो.

पाठवण्याची वेळही बघा. एप्रिल-मे परीक्षांचे, जून-जुलै ॲडमिशनचे, आणि नॅकची तपासणी असेल तर तो काळ कोणत्याच मेलचा नसतो. ऑगस्ट-सप्टेंबर किंवा जानेवारी-फेब्रुवारी बरे. पाठवल्यावर सरांना व्हॉट्सॲपवर 'सर, आपल्याला मेल केला आहे, सवडीनं बघावा' एवढं एकदाच कळवा. दहा-बारा दिवसांत काही आलं नाही तर त्याच मेलवर एका ओळीची आठवण. त्यानंतर लिहू नका. साप्ताहिक सुट्टी कामाच्या दिवशी येत असेल तर फोन करून विभागात जाऊन या. समोर बसलेल्या मुलीसाठी सर तिथल्या तिथे फोन लावतात, हे मेलनं कधीच होत नाही. सर निवृत्त झाले असतील तर तेही चालतं. निवृत्त शिक्षकांकडे वेळ असतो आणि फोन नंबर तसेच असतात.

मॅडमचं उत्तर आलं की त्याच दिवशी उत्तर द्या. सरांचे दोन ओळींत आभार मानून त्यांना पुढच्या मेलांतून वगळा, म्हणजे वेळा ठरवण्याची चर्चा त्यांच्या इनबॉक्समध्ये येत राहणार नाही. फोनवर जागा आहे का हे तुम्ही विचारू नका. विचारलंत की बोलणं तिथेच आवरतं, कारण कंपनीत नाव सुचवणाऱ्याला 'हिला तुम्ही कितपत ओळखता' याचं उत्तर द्यावं लागतं, आणि तुमची ओळख अजून वीस मिनिटांचीही नसते. त्यांनी आपणहून बायोडेटा मागितला तर एका पानाचा, वरती डीएमएफशी जोडलेलं काम घेतलेला, त्याच रात्री पाठवा. आणि फोन ठेवण्याआधी विचारा: 'आणखी कोणाशी बोलू?' दुसरं नाव बहुतेक वेळा इथेच मिळतं.

मॅडम म्हणाल्या की आमच्याकडे एम.फार्म.शिवाय घेत नाहीत, तरी दोन वेगळ्या कंपन्यांतल्या माणसांना विचारल्याशिवाय ते शेवटचं समजू नका. तिघांनीही तेच सांगितलं तर तुमच्या कंपनीतल्या बदलीचा रस्ता धरा. नाहीतर डॉक्युमेंटेशन क्यूएचा विचार करा. तिथे पाळ्या कमी असतात आणि रेग्युलेटरीशी रोजचा संबंध येतो. बोलणं झाल्यावर सरांना काय कळलं ते चार ओळींत लिहा. पुढच्या वर्षी एखादी मुलगी हाच प्रश्न घेऊन त्यांच्याकडे येईल, तेव्हा ते तिला तुमचं नाव सांगतील. तिच्याशी बोलायला तुमची हरकत नाही, हेही त्याच मेलमध्ये कळवून ठेवा.